१२७ क्यूबिट आणि ६ क्यूबिट, गुण मात्र सारखेच

जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने एका क्वांटम संगणकाची घोषणा केली. त्यात क्यूबिट होते फक्त सहा. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, आयबीएमने ‘ईगल’ ही चिप आणली. तिच्यावर क्यूबिट होते १२७, आणि शंभरी ओलांडली म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत तिच्या बातम्या झळकल्या. दोन्ही यंत्रांची एकच परीक्षा घेतली गेली आहे. तिचं नाव क्वांटम व्हॉल्यूम. हनीवेलच्या सहा क्यूबिटवाल्या यंत्राला त्यात ६४ गुण मिळाले. ईगल चिपवर चालणाऱ्या ‘वॉशिंग्टन’ नावाच्या यंत्रालाही ६४च मिळाले. इतकंच कशाला, आयबीएमच्याच २७ क्यूबिटच्या ‘माँट्रियल’ने आधी ६४ आणि मग १२८ गुण मिळवून आपल्या या थोरल्या भावंडाला मागे टाकलं होतं.

सहा आणि एकशे सत्तावीस यांचे गुण सारखे कसे, हे नीट समजलं की क्वांटम संगणकांच्या निम्म्याअधिक बातम्या वेगळ्या दिसू लागतात.

क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहिती धरून ठेवणारं सर्वांत लहान एकक. नेहमीच्या संगणकातला बिट ० किंवा १ असतो. क्यूबिट या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, आणि अनेक क्यूबिटांची अवस्था एकमेकांत गुंतवता येते. ही गुंतवण्याची कृती म्हणजे दोन क्यूबिटांवर एकदम चालणारं गेट. गणित सोडवायचं म्हणजे अशी गेट ठरलेल्या क्रमाने चालवायची आणि शेवटी सगळे क्यूबिट मोजायचे. गेटांच्या या क्रमाला सर्किट म्हणतात.

खरी अडचण गेटमध्ये आहे. नेहमीच्या संगणकातलं गेट चुकतं असं आपण धरतच नाही. क्वांटम गेट मात्र चुकतं, आणि चांगल्यापैकी वारंवार चुकतं. ईगलच्या काळात दोन क्यूबिटांच्या गेटची चूक साधारण एक टक्क्याच्या आसपास असायची, म्हणजे शंभर गेटांमागे एक. ऐकायला हे फार वाटत नाही. पण सर्किटमध्ये शंभर गेट असतील तर त्यातलं एकही न चुकण्याची शक्यता ३७ टक्क्यांवर येते, आणि पाचशे गेट असतील तर एका टक्क्याच्याही खाली. क्यूबिट वाढवले म्हणजे त्यांना गुंतवायला लागणारी गेटही वाढतात. म्हणून गेटची चूक कमी न करता नुसते क्यूबिट वाढवले, तर वाढवलेले क्यूबिट एकत्र वापरताच येत नाहीत. ते चिपवर असतात, मोजणीत धरले जातात, बातमीत छापले जातात, पण त्या सगळ्यांना कामाला लावलं की उत्तराच्या जागी नुसता गोंधळ हाती येतो.

(डी-वेव्ह कंपनीच्या यंत्रांत पाच हजारांहून अधिक क्यूबिट असतात, हेही वाचकांनी कुठेतरी वाचलं असेल. ती यंत्रं अशी गेट चालवतच नाहीत. विशिष्ट प्रकारच्या गणितात सर्वांत कमी ऊर्जेची स्थिती शोधायची, ही त्यांची वेगळी पद्धत आहे. त्यांचे क्यूबिट आणि इथले क्यूबिट एका तराजूत घालता येत नाहीत.)

क्यूबिटांची संख्या आणि गेटांचा दर्जा या दोन्हींचा एकत्र कस लागेल अशी परीक्षा असावी, ही कल्पना आयबीएमच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. अँड्र्यू क्रॉस, लेव्ह बिशप, जे गॅम्बेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आजचं रूप दिलं, आणि २०१९ मध्ये तो निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू ए’ या नियतकालिकात छापून आला.

परीक्षा अशी आहे. समजा, यंत्रातले सहा क्यूबिट निवडले. मग सर्किटही सहा थरांचं करायचं. जितके क्यूबिट तितके थर, म्हणजे सर्किट नेहमी चौकोनी. प्रत्येक थरात आधी क्यूबिटांच्या जोड्या यदृच्छेने लावायच्या, पत्ते पिसल्यासारख्या. मग प्रत्येक जोडीवर यदृच्छेनेच निवडलेली एक क्रिया करायची. पुढच्या थरात पुन्हा नव्या जोड्या आणि नव्या क्रिया. असं सर्किट मुद्दाम कुठल्याही उपयोगाचं ठेवलेलं नसतं. कारण विशिष्ट गणित दिलं तर एखाद्या यंत्राची ठेवण त्या गणिताला नेमकी जुळायची आणि त्याला फुकटचा फायदा मिळायचा. यदृच्छेने बनवलेल्या सर्किटांत तशी पळवाट सापडणं कठीण.

आता उत्तर बरोबर की चूक, हे कसं ठरवायचं? क्वांटम सर्किटला एकच उत्तर नसतं. तेच सर्किट हजारदा चालवलं तर वेगवेगळी उत्तरं येतात, काही वारंवार, काही क्वचित. तीन क्यूबिटांचं उदाहरण घेऊ. शेवटी मोजल्यावर ०००पासून १११पर्यंत आठ उत्तरं शक्य आहेत. तेच सर्किट आपण साध्या संगणकावर गणिताने सोडवलं, आणि बिनचूक यंत्रात या आठ उत्तरांच्या शक्यता उतरत्या क्रमाने २७, २१, १७, १३, ९, ७, ४ आणि २ टक्के निघाल्या, असं धरू. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. यांचा बरोबर मध्य काढला की वरची चार उत्तरं एका बाजूला होतात. त्यांना हेवी आउटपुट म्हणतात, आपण वजनदार उत्तरं म्हणू. त्यांची बेरीज ७८ टक्के. म्हणजे बिनचूक यंत्रावर हे सर्किट हजारदा चालवलं, तर सुमारे ७८० वेळा या चारपैकीच एखादं उत्तर यायला हवं.

याच सर्किटला यंत्र पुरतं भरकटलं तर काय होईल? आठही उत्तरं सारख्याच वेळा येतील, आणि वजनदार चार उत्तरांच्या वाट्याला हजारातली पाचशे जातील. उत्तीर्ण व्हायची रेघ या दोन टोकांच्या मध्ये आखली आहे. हजारातली ६६७, म्हणजे दोन तृतीयांश उत्तरं वजनदार हवीत. सर्किट मोठी होत गेली की बिनचूक यंत्राची सरासरी ८५ टक्क्यांच्या जवळ स्थिरावते, भरकटलेल्या यंत्राची पन्नासच राहते आणि रेघ दोन तृतीयांशांवरच असते.

एका सर्किटवर निकाल लावत नाहीत. अशी निदान शंभर वेगवेगळी सर्किट चालवायची, सरासरी काढायची, आणि ती सरासरी निव्वळ नशिबाने वर गेलेली नाही याची सुमारे साडेसत्त्याण्णव टक्के खात्री संख्याशास्त्राने पटवून द्यायची. त्यामुळे रेघेच्या जवळ असलेल्या यंत्राला फार घाम गाळावा लागतो. एखाद्याची सरासरी ७० टक्के असेल, तर शंभर सर्किटांवर ते नापासच धरलं जातं. ७० हे ६६.७पेक्षा खरोखर वर आहे हे सिद्ध करायला साडेसातशेच्या आसपास सर्किट लागतात. क्वांटम व्हॉल्यूमचा दावा वाचताना किती सर्किट चालवली हे पाहायचं, ते यासाठी.

सहाच्या चौकोनात यंत्र उत्तीर्ण झालं तर सातचा घ्यायचा, मग आठचा. शेवटचा उत्तीर्ण चौकोन जितक्या क्यूबिटांचा, तितक्या वेळा दोनाला दोनाने गुणायचं. सहा म्हणजे ६४, सात म्हणजे १२८.

आता ६४ गुणांच्या त्या दोन यंत्रांकडे परत जाऊ, आणि आकडेमोड थोडी हाताने करून पाहू.

सहाच्या चौकोनात सहा थर असतात आणि दर थरात तीन जोड्या, म्हणजे एकूण १८ क्रिया. प्रत्येक यदृच्छ क्रिया बसवायला यंत्राची मूळची तीन गेट लागतात. झाली ५४ गेट. दर गेटला एक टक्का चूक धरली तर सगळी गेट सुखरूप पार पडण्याची शक्यता ५८ टक्के. बाकीच्या वेळी उत्तर पुरतं भरकटतं असं ढोबळपणे मानलं, तर वजनदार उत्तरांचं प्रमाण सुमारे ७० टक्के येतं. दोन तृतीयांशांच्या वर, म्हणजे यंत्र उत्तीर्ण.

पण या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे. कुठल्याही दोन क्यूबिटांची जोडी थेट जमवता येते, ही. आयबीएमच्या चिपवर ती तशी जमत नाही. तिथले क्यूबिट म्हणजे चिपवर कोरलेली अतिसंवाहक विद्युतमंडलं आहेत, जागच्या जागी बसलेली, आणि प्रत्येकाचा संबंध फक्त लगतच्या दोन किंवा तीन क्यूबिटांशी. पंगतीत या टोकाला बसलेल्याला त्या टोकाच्या माणसाशी कानात बोलायचं असेल, तर शेजाऱ्याशी जागा बदलत बदलत पुढे सरकावं लागेल. चिपवरही हेच करतात. क्यूबिट हलत नाहीत, त्यांच्यातली अवस्था शेजाऱ्याशी बदलतात, आणि अशा प्रत्येक अदलाबदलीला तीन गेट खर्ची पडतात. समजा, सहा थरांत मिळून अशा १२ अदलाबदली कराव्या लागल्या. ५४ गेटांची ९० झाली. एक टक्का चुकीने आता वजनदार उत्तरं ६४ टक्क्यांवर येतात, आणि तेच गेट, तेच क्यूबिट असलेलं यंत्र नापास होतं. उत्तीर्ण व्हायला गेटची चूक सुमारे ०.८ टक्क्यापर्यंत खाली आणावी लागते.

हनीवेलच्या यंत्रात क्यूबिट म्हणजे यटर्बियम धातूचे आयन, विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात निर्वातात तरंगत ठेवलेले. हे आयन खरोखरच उचलून हलवता येतात. ज्या दोघांची जोडी लावायची त्यांना सापळ्याच्या एका भागात शेजारी आणायचं आणि लेसरने गेट चालवायचं. अदलाबदलीची गेट लागत नाहीत. शिवाय गेटची चूकही एक टक्क्यापेक्षा कमी.

म्हणून दोन्ही यंत्रांना ६४ मिळाले तरी त्यांची कारणं अगदी उलट आहेत. हनीवेलचं यंत्र सहावर थांबलं कारण सातवा क्यूबिट नव्हताच. सहा क्यूबिटांना ६४ म्हणजे पैकीच्या पैकी गुण. वॉशिंग्टनकडे आणखी १२१ क्यूबिट पडून होते, पण चौकोन मोठा केला की चुका वरचढ होत होत्या. एकात संख्या कमी पडली, दुसऱ्यात दर्जा. मला या परीक्षेची खरी किंमत इथे दिसते. गुण आणि क्यूबिटांची संख्या शेजारी ठेवून वाचले की यंत्राचं दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं.

वॉशिंग्टनचे सगळे १२७ क्यूबिट असा चौकोन भरण्यासाठी वापरायचे तर काय लागलं असतं, तेही पाहू. १२७ थर, दर थरात ६३ जोड्या, दर जोडीला तीन गेट, म्हणजे २४ हजार गेट. त्यातून पार पडायला सुमारे ३३ हजार गेटांमागे एखादीच चूक परवडते, आणि तीही अदलाबदली मुळीच धरल्या नाहीत तर. शंभरात एक आणि ३३ हजारांत एक यांच्यातलं अंतर ‘१२७’ या आकड्यात कुठेच दिसत नाही. चौकोनाची बाजू दुप्पट केली की गेटांची संख्या चौपट होते, आणि म्हणून चूक चौथ्या हिश्श्यावर आणावी लागते. क्यूबिट वाढवण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे.

आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये १,१२१ क्यूबिटची ‘काँडॉर’ चिप जाहीर केली. त्याच वेळी ‘हेरॉन’ नावाची १३३ क्यूबिटची चिपही आणली, आणि पुढची यंत्रं हेरॉनवर उभी केली. कारण तिच्या गेटांत चुका कमी होत्या. चिप बनवणाऱ्यांनी स्वतःच हजाराच्या आकड्यापेक्षा दर्जा निवडला, याहून बोलका पुरावा शोधायला नको.

क्वांटम व्हॉल्यूमचा आकडाही डोळे झाकून घ्यावा असा नाही, हेही सांगितलं पाहिजे. हनीवेलचा हा विभाग २०२१ मध्ये केंब्रिज क्वांटम कंपनीशी एकत्र होऊन ‘क्वांटिन्युअम’ झाला. त्यांची घोषणांची मालिका पाहा. २०२० मध्ये १२८, २०२१ मध्ये १,०२४, २०२३ मध्ये ५,२४,२८८, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ३,३५,५४,४३२. वाचून वाटतं, यंत्र पाच वर्षांत अडीच लाख पटींनी वाढलं. प्रत्यक्षात चौकोनाची बाजू सातवरून पंचविसावर गेली. तीही प्रगती मोठीच आहे. पंचविसाच्या चौकोनात ९०० गेट आहेत, आणि त्यातून पार पडायला गेटची चूक हजारात एकाच्याही खाली लागते. पण दोनाचा घात घेऊन आकडा लिहिला की एका क्यूबिटची सुधारणाही ‘दुप्पट’ म्हणून छापता येते. घात घेण्यामागचं कारण शास्त्रीय आहे. एक क्यूबिट वाढला की साध्या संगणकावर त्या सर्किटची नक्कल करण्याचं ओझं साधारण दुप्पट होतं. तरीही बातमी वाचताना तो घात उतरवून घ्यावा आणि सात, दहा, एकोणीस, पंचवीस असे आकडे मनात ठेवावेत, हे बरं.

नक्कल करण्याच्या या ओझ्यातच परीक्षेची मर्यादाही आहे. वजनदार उत्तरं कुठली, हे आधी साध्या संगणकाने सांगावं लागतं. पंचवीस क्यूबिटांना लॅपटॉप पुरतो. पन्नास क्यूबिटांची पूर्ण अवस्था साठवायला १८ हजार टेराबाइट स्मृती लागेल. म्हणजे क्वांटम संगणक साध्या संगणकाच्या पलीकडे जाईल, नेमकं तिथे ही परीक्षा तपासायला कोणी उरत नाही.

वेगाबद्दलही ती काही बोलत नाही. अतिसंवाहक चिपवरचं एक गेट सेकंदाच्या काही कोट्यांश भागात होतं, आयन हलवून गेट चालवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि दोघांना गुण देताना घड्याळ कोणी पाहत नाही. आणि चौकोनी सर्किट हा कामाचा एकच आकार झाला. जून २०२३ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये ईगलवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चुंबकीय पदार्थाच्या एका प्रतिकृतीचं गणित त्यांनी १२७ क्यूबिटांवर, २,८८० गेट वापरून केलं, आणि चुकांचा परिणाम नंतर हिशोबाने कमी केला. त्या गणितातल्या जोड्या चिपवरच्या शेजारांशी तंतोतंत जुळत होत्या, त्यामुळे अदलाबदलीची गरज पडली नाही. लवकरच इतरांनी तीच उत्तरं साध्या संगणकावरही काढून दाखवली, हा भाग वेगळा. पण यदृच्छ चौकोनात सहा-सातवर अडखळणारी चिप तिच्या ठेवणीला जुळणाऱ्या कामात सगळे क्यूबिट वापरू शकते, हे त्यातून दिसलं.

हे सगळं आपल्या दारातही आलं आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले, आणि आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक बनवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. उद्दिष्ट क्यूबिटांत मोजलं आहे, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत घोषणाही क्यूबिटांच्याच होत राहतील. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सहा क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. चिप कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडवली, तिला चालवणारी आणि मोजणारी यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेने जुळवली, आणि दुरून वापरण्यासाठीचा क्लाउडचा भाग टीसीएसने केला.

जगात हजार क्यूबिट आणि आपले सहा, अशी तुलना तेव्हा काहींच्या मनात आलीच असणार. पण या चिपबद्दल विचारायचा प्रश्न दुसरा आहे. सहाच्या चौकोनातली ५४ गेट ती पार करते का, आणि त्यावर अदलाबदलीची किती गेट तिला लागतात? टीआयएफआरच्या आराखड्यात यातल्या दुसऱ्या प्रश्नाला थेट हात घातलेला आहे. त्यात अंगठीसारखा गोल रेझोनेटर वापरतात आणि क्यूबिट त्याच्या परिघावर बसवतात, म्हणजे एकाच कड्यातून लगतच्याच नव्हे तर दूरच्या क्यूबिटांशीही थेट गेट चालवता येतं.